नवा प्रोसेसर बसवला आणि डिस्प्ले येत नाही : आधी मदरबोर्डचे बायोस अपडेट करण्याची पद्धत

माझ्या डेस्कटॉपमध्ये बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर रायझन ५ २६०० हा प्रोसेसर होता. सॉकेट तेच, म्हणजे एएम४ असल्यामुळे मी रायझन ५ ५६०० आणला, जुना काढून त्या जागी नवा बसवला आणि बटण दाबले. पंखे फिरले, कॅबिनेटचे दिवे लागले, पण मॉनिटर ‘No Signal’ दाखवून झोपी गेला. पुढच्या दोन संध्याकाळी मी रॅम काढून पुसली, एकेक पट्टी वेगवेगळ्या खाचेत लावून पाहिली, ग्राफिक्स कार्डाची केबल बदलली आणि शेवटी प्रोसेसरच मेलेला आहे अशी मनाची समजूत घातली. प्रत्यक्षात एकही भाग बिघडलेला नव्हता. बोर्डातील बायोस, म्हणजे संगणक सुरू करून देणारा मूळ प्रोग्राम, २०१९ सालचे होते आणि ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये, त्यामुळे त्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नव्हता.

इथे सगळे उदाहरण एएम४ बोर्डाचे घेतले आहे. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर ६०० मालिकेच्या बोर्डात १३व्या किंवा १४व्या पिढीचा प्रोसेसर बसवताना, किंवा एएम५ च्या सुरुवातीच्या बोर्डावर रायझन ९००० मालिका बसवताना हीच अडचण येऊ शकते आणि पायऱ्यांचा क्रमही हाच राहतो.

हाताशी काय असावे

- जुना, चालू स्थितीतला प्रोसेसर (तो विकायची घाई करू नये)
- ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेन ड्राइव्ह, शक्यतो साधा यूएसबी २.० चा
- इंटरनेट असलेला दुसरा संगणक
- थर्मल पेस्ट. प्रोसेसर दोनदा बदलावा लागणार असल्याने एका वापराची पुडी पुरत नाही
- कूलर पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड
- विंडोजचे ड्राइव्हला कुलूप लावणारे बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की, कागदावर लिहिलेली

१. दोष बायोसचाच आहे याची आधी खात्री करावी

पडदा अगदी कोरा का राहतो, हे समजले की बाकीची शोधाशोध पुष्कळ कमी होते. रायझन प्रोसेसरमध्ये मुख्य गाभे जागे होण्याआधी आतला एक छोटा सुरक्षा प्रोसेसर कामाला लागतो. तो बोर्डावरील फ्लॅश चिपमधून आपल्या पिढीसाठी लिहिलेला कोड वाचतो, रॅम सुरू करतो आणि मगच मुख्य गाभ्यांना मोकळे करतो. त्या चिपमध्ये त्या पिढीचा कोडच नसेल तर गाडी तिथेच थांबते. ग्राफिक्स कार्डापर्यंत पाळी पोहोचतच नाही, म्हणून चूक सांगणारा संदेशसुद्धा दिसत नाही. पंखे मात्र फिरतात, कारण त्यांना वीज मिळण्यासाठी प्रोसेसर चालू होण्याची गरज नसते.

बऱ्याच बोर्डांवर रॅमच्या खाचांजवळ चार बारीक दिवे असतात आणि त्यांच्या शेजारी CPU, DRAM, VGA, BOOT अशी अक्षरे छापलेली असतात. बायोस जुने असल्यास बहुधा CPU शेजारचा दिवा पेटून तसाच राहतो. कीबोर्डवरील Num Lock दाबूनही त्याचा दिवा लागत नाही. काही बोर्ड दर काही सेकंदांनी बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतात.

परंतु हीच लक्षणे आणखी तीन कारणांनी दिसू शकतात, आणि ती तपासायला पाच मिनिटे पुरतात. पहिले म्हणजे, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी असलेली आठ पिनांची वीजजोडणी अर्धवट बसलेली असू शकते. दुसरे म्हणजे प्रोसेसरच्या पिना वाकलेल्या असू शकतात. तिसऱ्या कारणात नवशिके हमखास फसतात : ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. आधी २४००जी किंवा ३४००जी यांसारखा ग्राफिक्ससह येणारा प्रोसेसर असेल आणि मॉनिटर मदरबोर्डच्या एचडीएमआय जोडणीला लावलेला असेल, तर ५६०० बसवल्यावर ती जोडणी मुकीच राहणार, मग बायोस कितीही नवे असो. अशा वेळी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड हाच उपाय आहे.

निर्णायक चाचणी एकच आहे. जुना प्रोसेसर परत बसवला आणि त्याच रॅमसह, त्याच केबलीवर लगेच डिस्प्ले आला, तर संशय बायोसवर ठेवण्यास हरकत नाही.

बोर्डावरील नाण्यासारखी बॅटरी काढून सीएमओएस साफ करण्याचा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. त्याने फक्त साठवलेली सेटिंग पुसली जाते. फ्लॅश चिपमधील बायोसची आवृत्ती जशीच्या तशी राहते. मी ती बॅटरी तीन वेळा काढली होती.

२. जुना प्रोसेसर परत बसवताना कूलर सरळ वर ओढू नये

ही पायरी वेगळी लिहिण्याचे कारण म्हणजे माझे खरे नुकसान इथेच व्हायचे होते. एएम४ मध्ये १३३१ पिना सॉकेटमध्ये नसून प्रोसेसरच्या पोटाला असतात, आणि सॉकेटचा खटका लावलेला असला तरी त्याची पकड पिनांवर असते, प्रोसेसरच्या डोक्यावर नाही. थर्मल पेस्ट वाळून घट्ट झाली असेल आणि कूलर सरळ वर खेचला, तर बंद सॉकेटमधून प्रोसेसर उपटून कूलरला चिकटलेलाच बाहेर येतो. माझा २६०० असाच बाहेर आला आणि कडेच्या दोन पिना वाकल्या. जुन्या प्लास्टिक कार्डाची कड दोन रांगांमध्ये सरकवून मी त्या हळूहळू सरळ केल्या, त्यात अर्धा तास गेला.

म्हणून जुना प्रोसेसर अजून बोर्डावरच असेल, तर संगणक दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग तो बंद करावा, एसएमपीएसची केबल काढावी, कूलरचे स्क्रू किंवा कड्या सोडवाव्यात आणि कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा पिळत राहावे. तो सैल पडल्याचे हाताला जाणवल्यावरच उचलावा. नवा प्रोसेसर बसवून डिस्प्ले न आलेल्या अवस्थेत पेस्ट ताजी असते, त्यामुळे त्या वेळी त्रास कमी होतो, तरी पिळण्याची सवय सोडू नये.

प्रोसेसर बसवताना त्याच्या कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवावा आणि तो स्वतःच्या वजनाने खाली बसू द्यावा. बोटाने दाबावे लागत असेल तर काहीतरी चुकले आहे असे समजावे.

३. बोर्डाचे नेमके नाव आणि सध्याची आवृत्ती लिहून घ्यावी

जुन्या प्रोसेसरवर विंडोज सुरू झाल्यावर पॉवरशेल उघडून पुढील दोन ओळी चालवाव्यात :

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select-Object Manufacturer, Product, Version
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SMBIOSBIOSVersion, ReleaseDate
```

लिनक्स असल्यास `sudo dmidecode -s baseboard-product-name` आणि `sudo dmidecode -s bios-version` पुरेसे आहे. विंडोजमध्ये आज्ञा लिहायच्या नसतील, तर `msinfo32` उघडले तरी तीच माहिती मिळते.

नावातील प्रत्येक अक्षर महत्त्वाचे आहे. एकाच नावाच्या बोर्डांमध्ये शेवटी MAX, PRO, II किंवा AC असा शेपटीचा फरक असतो आणि प्रत्येकाची बायोस फाइल वेगळी असू शकते. काही उत्पादक बोर्डाच्या सुधारित आवृत्त्याही काढतात. बोर्डाच्या कोपऱ्यात REV 1.0 किंवा REV 2.0 असे बारीक छापलेले असते. पॉवरशेलच्या उत्तरात हा आकडा नेहमीच भरवशाचा नसतो, म्हणून टॉर्च घेऊन तो बोर्डावरच वाचावा.

यानंतर उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाची प्रोसेसर-यादी उघडावी. प्रत्येक प्रोसेसरसमोर तो कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो हे लिहिलेले असते. इथेही ‘५००० मालिका चालते’ एवढे वाचून थांबू नये. ५६००एक्स नोव्हेंबर २०२० चा आहे, ५६०० एप्रिल २०२२ चा; एकाला चालणारी आवृत्ती दुसऱ्याला पुरेलच असे नाही. आपल्या डबीवर जे नाव आहे, नेमकी तीच ओळ पाहावी. माझ्या बोर्डाच्या यादीत ५६०० समोरची आवृत्ती माझ्याकडच्या आवृत्तीपेक्षा जवळपास तीन वर्षांनी नवी होती. यादीत तो प्रोसेसर मुळीच नसेल, तर कितीही अपडेट केले तरी उपयोग नाही.

त्याच यादीत आणखी एक गोष्ट पडताळावी. बी४५० च्या अनेक बोर्डांवरील फ्लॅश चिप केवळ १६ एमबीची आहे आणि तिच्यात एएम४ च्या सगळ्या पिढ्यांचा कोड एकत्र मावत नाही. त्यामुळे काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून सर्वांत जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकलेला असतो. आपला जुना प्रोसेसर त्यात सापडला, तर अपडेटनंतर त्यावर डिस्प्ले येणार नाही, आणि अपडेट फसले असा गैरसमज होईल.

४. अपडेटपूर्वी बिटलॉकर थांबवावे

विंडोज ११ च्या बहुतेक संगणकांवर टीपीएम, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-तिजोरी, चालू असते, आणि रायझनमध्ये ते प्रोसेसरशी बांधलेले असते. प्रोसेसर बदलला की ड्राइव्ह उघडण्याची किल्ली ज्याच्याकडे ठेवली होती तोच निघून जातो. बायोस अपडेटनेही टीपीएमला बदल जाणवतो. विंडोजच्या होम आवृत्तीतही ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाने हेच कुलूप आपोआप लागलेले असू शकते, म्हणून ‘मी बिटलॉकर कधी लावलेच नाही’ असे गृहीत धरू नये. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडावे आणि पाहावे :

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

पहिली ओळ कुलूप आहे का ते सांगते, दुसरी ४८ अंकी रिकव्हरी की दाखवते आणि तिसरी कुलूप तात्पुरते थांबवते. शेवटचा शून्य विसरू नये. तो नसेल तर एका रीस्टार्टनंतर कुलूप पुन्हा चालू होते आणि आपल्याला तर अनेकदा रीस्टार्ट करायचे आहे. की दिसली की कागदावर लिहावी. त्याच ड्राइव्हवरील फाइलमध्ये ती साठवण्याची चूक मी होताना पाहिली आहे.

५. फाइल आणि पेन ड्राइव्ह

दुसऱ्या संगणकावर आवश्यक आवृत्तीची, किंवा तिच्याहून नवी स्थिर आवृत्तीची फाइल उतरवावी. ‘बीटा’ लिहिलेली आवृत्ती दुसरा पर्यायच नसेल तर घ्यावी. आवृत्तीखालची टीप पूर्ण वाचावी, कारण खूप जुन्या बायोसवरून येताना मधली एखादी आवृत्ती आधी टाकण्याची अट तिथेच लिहिलेली असते.

पेन ड्राइव्ह `FAT32` मध्ये फॉरमॅट करावा. झिप फाइल उघडून आतली बायोस फाइल पेन ड्राइव्हच्या अगदी बाहेरच्या पातळीवर ठेवावी, कोणत्याही फोल्डरमध्ये नाही. न उघडलेली झिप तशीच टाकणे आणि पेन ड्राइव्ह `exFAT` किंवा `NTFS` मध्ये असणे, या दोनच कारणांनी ‘फाइल सापडत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा उद्भवते.

६. बायोसच्या आतूनच अपडेट करावे

रीस्टार्ट करून `Del` किंवा `F2` दाबत बायोसमध्ये जावे. सर्वप्रथम सध्याच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढावेत, विशेषतः बूट क्रम, `CSM` चालू की बंद, `SATA` ची पद्धत आणि व्हर्च्युअलायझेशन यांचे, कारण अपडेटनंतर हे सगळे मूळ स्थितीला जाते. ओव्हरक्लॉक किंवा रॅम जास्त वेगाने चालवणारे एक्सएमपी चालू असल्यास आधी डीफॉल्ट सेटिंग लावून एकदा रीस्टार्ट करावे. डळमळीत रॅमवर फ्लॅश करण्याचा धोका पत्करू नये.

मग अपडेटचे साधन उघडावे. एमएसआयमध्ये ते `M-FLASH`, असुसमध्ये `EZ Flash`, गिगाबाइटमध्ये `Q-Flash` आणि एएसरॉकमध्ये `Instant Flash` या नावाने दिसते. फाइल निवडल्यावर पडद्यावर बोर्डाचे नाव आणि नवी आवृत्ती दिसते. ती ताडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. विंडोजमधून चालणारी अपडेट साधनेही मिळतात, पण मधेच विंडोज अडकले तर अर्धवट लिहिलेली चिप हाती येते, म्हणून मी ती वापरत नाही.

लिहिण्याचे काम काही मिनिटांचे असते. या काळात वीज जाणे हा एकमेव मोठा धोका आहे, तेव्हा यूपीएस असल्यास संगणक त्यावरच ठेवावा. टक्केवारी एका आकड्यावर थांबली तरी बटणाला हात लावू नये. माझ्या बोर्डाने शेवटी स्वतःहून दोनदा रीस्टार्ट घेतला आणि मधे सुमारे एक मिनिट पडदा काळा होता. ती शांतता फार लांबल्यासारखी वाटते, पण ती अपेक्षित असते.

डिस्प्ले परत आला की बायोसच्या पहिल्या पानावर नवी आवृत्ती दिसते का ते पाहावे. ती दिसेपर्यंत जुना प्रोसेसर काढू नये.

७. जुना प्रोसेसर नसेल तर

बोर्डाच्या मागच्या पट्टीवर `Flash BIOS`, `BIOS FlashBack` किंवा `Q-Flash Plus` असे छापलेले बटण आहे का ते पाहावे. ही सोय असलेल्या बोर्डावर प्रोसेसर आणि रॅम नसतानाही फ्लॅश करता येते, कारण ते काम बोर्डावरचा वेगळा नियंत्रक करतो. त्यासाठी एसएमपीएसची २४ पिनांची आणि प्रोसेसरची आठ पिनांची जोडणी लावून, एसएमपीएसचे स्वतःचे बटण चालू ठेवावे, मात्र संगणक सुरू करू नये.

या मार्गात फाइलचे नाव अचूक हवे. एमएसआयला `MSI.ROM`, गिगाबाइटला `GIGABYTE.bin` आणि एएसरॉकला `CREATIVE.ROM` लागते. असुसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारे `BIOSRenamer` बहुधा सोबत येते. विंडोज फाइलची शेपटी लपवत असेल तर `MSI.ROM.ROM` असे नाव नकळत तयार होते, म्हणून शेपट्या दाखवण्याची सेटिंग आधी चालू करावी. पेन ड्राइव्हही कोणत्याही जोडणीत चालत नाही. ठरावीक यूएसबी जोडणीभोवती चौकट किंवा नाव छापलेले असते, तिथेच तो लावावा.

बटण दाबल्यावर शेजारचा दिवा लुकलुकू लागला पाहिजे आणि काही मिनिटांनी विझला पाहिजे. काही सेकंद लुकलुकून तो थांबला किंवा सतत पेटून राहिला, तर फाइल वाचलीच गेली नाही. नाव, फॉरमॅट आणि जोडणी या क्रमाने पुन्हा तपासावे. माझ्या अनुभवात दुसरा पेन ड्राइव्ह घेतल्यावर अडलेले काम पुष्कळदा होते.

बटणही नसेल, तर त्याच सॉकेटचा एखादा जुना प्रोसेसर तासाभरासाठी उसना घेणे हाच मार्ग उरतो. तो बोर्डातील सध्याच्या बायोसवर चालणारा असावा, आणि त्यात अंगभूत ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्डही लागेल.

८. नवा प्रोसेसर आणि पहिला बूट

संगणक बंद करून एसएमपीएसची केबल काढावी, कूलर पिळून उतरवावा, दोन्ही पृष्ठभाग पुसावेत, नवा प्रोसेसर बसवून मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट लावावी आणि कूलरच्या पंख्याची वायर `CPU_FAN` वर जोडावी.

पहिल्या बूटला रॅमची जुळणी नव्याने होते, त्यामुळे एक-दोन मिनिटे पडदा कोरा राहू शकतो. एएम५ वर याहूनही अधिक वेळ लागतो. घाईने बंद-चालू केले तर ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

यानंतर एएमडीच्या अनेक बोर्डांवर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न येतो, ज्यात नवा प्रोसेसर बसवल्याचा उल्लेख आणि `Press Y to reset fTPM` ही ओळ असते. `Y` दाबल्यास टीपीएम नव्याने सुरू होते. बिटलॉकर थांबवलेले नसेल तर त्यानंतर रिकव्हरी की मागितली जाते. `N` दाबल्यास जुनी नोंद तशीच राहते, पण नव्या प्रोसेसरवर टीपीएम चालू होत नाही. चौथी पायरी पूर्ण केली असेल तर निश्चिंतपणे `Y` दाबावे. ती राहून गेली असेल आणि की हाताशी नसेल, तर `N` दाबून थांबावे, जुना प्रोसेसर परत बसवावा आणि की मिळवूनच पुढे जावे.

विंडोजऐवजी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला, तर ड्राइव्ह खराब झाला असे समजू नये. जुनी विंडोज लेगसी पद्धतीने बसवलेली असेल आणि अपडेटने `CSM` बंद केले असेल, तर असे होते. सहाव्या पायरीतील फोटो पाहून ती सेटिंग पूर्ववत करावी. विंडोज सुरू झाल्यावर नेहमीचा पिन चालत नसल्यास खात्याचा पासवर्ड वापरून नवा पिन करावा, कारण तो पिनही जुन्या टीपीएमशी बांधलेला होता.

शेवटी बायोसमध्ये रॅमचे एक्सएमपी पुन्हा चालू करावे, कारण अपडेटनंतर रॅम बहुधा कमी वेगावर उतरलेली असते. सगळे स्थिर चालते असे दिसल्यावर कुलूप परत लावावे :

```
manage-bde -protectors -enable C:
```